हो म्हणा, मावशी

संयोगिता सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा गारगोटीच्या दवाखान्यात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खात्यात अठरा लाख रुपये आले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत एवढी रक्कम त्यांनी एकत्र कधी पाहिली नव्हती. लग्न केलं नव्हतं. भावाच्या पोरांची शिक्षणं केली, आईचं दुखणं काढलं, आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आता तिथं स्वस्थ बसायचं, सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारायची, एवढाच बेत होता.

पैसे जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी उदयसिंह दारात उभा राहिला.

उदयसिंह म्हणजे पद्मजाचा मुलगा. पद्मजा आणि संयोगिता एकाच वॉर्डात वीस वर्षं ड्युटी केलेल्या. उदय लहान असताना आईची ड्युटी संपेपर्यंत सिस्टर-रूममध्ये अभ्यास करत बसायचा, आणि संयोगिताच्या डब्यातली अर्धी भाकरी खायचा. आता तो एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर होता. संयोगिताचं पेन्शन त्याच बँकेत येणार होतं. त्याच्याच सांगण्यावरून तिनं खातं तिकडं हलवलं होतं.

"मावशी, पैसं नुसतं पडून हायत की," तो म्हणाला. "एफडीला काय मिळतंय? तुम्हाला एक चांगली स्कीम करून देतो. एकदाच पाच लाख टाकायचं. पाच वर्सांत डबल. वर विमा फुकट."

"एकदाच न्हवं?"

"एकदाच. मी काय परका हाय व्हय तुम्हाला?"

मार्च महिना होता. संयोगितानं चहा ठेवला. तो पिऊन होईपर्यंत त्यानं सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या. टॅबवर बोटानं एक सही, मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा, पुन्हा एक आकडा. मग तिच्या मोबाइलवर कंपनीचा फोन आला. "काय नाही, नुसती खात्री करतात," उदय म्हणाला. "विचारतील त्याला हो म्हणायचं." पलीकडची मुलगी हिंदीमिश्रित मराठीत भराभर काहीबाही विचारत होती. संयोगितानं पाच-सहा वेळा हो म्हटलं.

जाताना तो सहज म्हणाला, "तुमच्याबरोबर कोण कोण रिटायर झालं, मावशी? त्यांचंबी भलं करू की."

तिनं वहीच्या पानावर अकरा नावं फोन नंबरांसह लिहून दिली. पंधरा दिवसांनी त्यानं बँकेतर्फे म्हणून तिला चांदीचं निरांजन आणून दिलं. तिला कौतुक वाटलं. पोरगं जाण ठेवून आहे, असं ती शेजारणीलाही म्हणाली.

पॉलिसीचं पुस्तक मात्र हाती आलं ते थेट जूनमध्ये. "माझ्याकडंच सुरक्षित ठेवलंतं," उदय म्हणाला. इंग्रजीतली चाळीस पानं. तिनं ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि विसरून गेली.

पुढच्या फेब्रुवारीत मोबाइलवर संदेश आला. आपल्या पॉलिसीचा पाच लाखांचा दुसरा हप्ता मार्चमध्ये देय आहे.

तिला वाटलं, चुकून आला असेल. तिनं उदयला फोन लावला. त्यानं उचलला नाही. आठ दिवस उचलला नाही. मग ती स्वतः शाखेत गेली. उदयला बढती मिळाली होती. आता त्याला काचेची केबिन होती, आणि समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. संयोगिता तासभर बाकड्यावर बसली. शेवटी त्यानं आत बोलावलं.

"उदय, हे काय आलंय बघ. एकदाच भरायचं म्हणालतास न्हवं?"

त्यानं मोबाइल हातात घेतला, बघितल्यासारखं केलं आणि परत दिला.

"मावशी, दहा वर्सं भरायचं हाय. मी सांगितलंतं तुम्हाला."

"कधी?"

"तुम्ही विसरला असशीला. वय झालं की हुतंय." तो हसला. "न्हाय भरलं तर पॉलिसी बंद पडंल आणि पहिलं पैसं जातील, एवढं ध्यानात ठेवा. फारमवर सही तुमचीच हाय. कंपनीच्या फोनला हो तुम्हीच म्हणालाय."

"माझं पेन्शन वर्साला सव्वाचार लाख हाय. पाच लाख कुठनं भरू?"

"मग उरलेल्या पैशाची एफडी मोडा," तो म्हणाला, आणि दारातून डोकावणाऱ्या माणसाला त्यानं हातानं आत बोलावलं.

संयोगिता बाहेर आली. रिक्षा कुठं उभी आहे ते तिला दिसेना. पैसे गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो त्याच्या हसण्याचा राग. वय झालं की होतंय. ज्या पोराच्या तापाला तिनं रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, ते तिला विसराळू म्हणून हसलं होतं. इंजेक्शनची मात्रा तेहतीस वर्षांत एकदाही न चुकलेली बाई होती ती. घरी आल्यावर तिनं वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घालून शाखेतलं सगळं बोलणं शब्दाला शब्द लिहून ठेवलं. शेवटी एक ओळ लिहिली: ह्याला सोडायचं नाही.

गुंतवणूक सल्लागार अदितीचा पत्ता तिला बँकेतूनच निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यानं दिला. राजारामपुरीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर छोटं कार्यालय, एक टेबल, तीन खुर्च्या. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. अदिती पस्तिशीची, चष्म्यातली, मोजकं बोलणारी. तिनं आधी दोन पानांचा करार पुढं केला.

"माझी फी बारा हजार. तुमच्या सगळ्या पैशांचं बघून लेखी सल्ला देईन. मी कुठलीच पॉलिसी, कुठलाच फंड विकत नाही."

संयोगिता खुर्चीतच मागं सरकली. "बारा हजार? नुसतं सांगायचं? उदयनं तर एक रुपया घेतला न्हवता."

"घेतला नव्हता?" अदितीनं विचारलं. "पॉलिसीचं पुस्तक आणलंय?"

संयोगितानं पिशवीतून काढून दिलं. अदितीनं पानं उलटली.

"वर्षाला पाच लाख, दहा वर्षं. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याला कमिशन म्हणून जातो. तुमच्या पाच लाखांतले लाख-दीड लाख तरी बँकेला गेले असणार. एफडीवर बँकेला असं काही मिळत नाही. म्हणून त्यानं तुम्हाला एफडी सुचवली नाही. तुम्ही त्याला एक रुपया हातात दिला नाही, एवढंच खरं."

संयोगितानं पुस्तक स्वतःकडं ओढून हप्त्याचा आकडा बघितला.

"आणि ते सगळं उदयला मिळालं?"

"नाही. कमिशन बँकेला. त्याला टार्गेट, थोडा इन्सेंटिव्ह, बढती."

"मग तुमचा ह्यात फायदा काय?"

"बारा हजार," अदिती म्हणाली. "तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मी 'काही घेऊ नका' म्हटलं तरी तेवढाच, 'घ्या' म्हटलं तरी तेवढाच. हां, पुढच्या वर्षी तुम्ही परत यावं असं मलाही वाटणारच. तेही सांगून ठेवते."

हे शेवटचं वाक्य संयोगिताला पटलं. तिनं करार दोनदा वाचला, शेजाऱ्याच्या मुलाकडून नोंदणी क्रमांक तपासून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी चेक दिला.

अदितीनं तिला पुस्तकाच्या शेवटी जोडलेली तिच्याच अर्जाची प्रत दाखवली. ती पानं तिनं कधी पाहिलीच नव्हती. वार्षिक उत्पन्न: सोळा लाख. व्यवसाय: दुग्धव्यवसाय. ईमेल: भलताच कुणाचा तरी.

"माझ्याकडं म्हस सोडा, मांजर न्हाय," संयोगिता म्हणाली.

"उत्पन्न खरं लिहिलं असतं तर कंपनीनं एवढा हप्ता मंजूरच केला नसता. आणि ईमेल तुमचा नसल्यामुळं पॉलिसी आधी त्या पत्त्यावर गेली. पॉलिसी ईमेलवर पोचली की तेव्हापासून ठरावीक दिवसांतच ती परत करून पैसे मागता येतात. ते दिवस उलटून जावेत म्हणून त्यानं पुस्तक जूनपर्यंत दाबून ठेवलं असावं."

संयोगितानं ते पान बोटानं ठोकलं. "त्याची नोकरी घालवायची हाय मला. सांगा कशी घालवू."

अदितीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, मी तुमच्या पैशांचं बघते. राग माझ्या फीमध्ये बसत नाही. दुसरा हप्ता भरू नका. तक्रार तुमच्या नावानं, तुमच्या शब्दांत करा. आधी विमा कंपनीकडं. त्यांनी नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडं. तिथं फी नाही, वकील लागत नाही."

"आणि त्याची नोकरी?"

"लोकपाल फक्त कंपनीला पैसे द्यायला लावतात. नोकरीचं बँकेनं बघायचं." तिनं चष्मा परत घातला. "एका अर्जातली चूक ही चूक म्हणून खपते. तोच ईमेल दहा अर्जांत सापडला, तर बँकेला ती चूक म्हणता येणार नाही."

संयोगिताला लगेच वहीचं ते पान आठवलं. अकरा नावं. तिच्याच अक्षरात.

फोन करायला तिची जीभ उचलेना. पण सूड घ्यायचा तर तोंड दाखवणं भाग होतं. तिनं एकेकीला फोन लावला. अकराजणींपैकी सहाजणींनी उदयकडून पॉलिसी घेतली होती. पाचजणींनी फोनवरच रडून घेतलं आणि कागद आणते म्हणाल्या. सहावी चिमणाबाई, हे त्यांच्याकडूनच कळलं. ती फोनच उचलेना. म्हणून संयोगितानं एसटी धरली आणि गारगोटी गाठली.

चिमणाबाई दवाखान्यात आया होती. नवरा अकाली गेलेला, दोन पोरी तिनं बाळंतिणींच्या चादरी धुवून शिकवल्या. ती परड्यात शेण थापत होती. संयोगिताला बघून उठली नाही.

"बस म्हणणार न्हाय तुला," ती म्हणाली.

"चिमणा, मला म्हाईत न्हवतं गं."

"मलाबी न्हवतं. पर मी कुणाचं नाव दिलं न्हाय." तिनं शेणाचा हात बादलीत बुचकळला. "त्यो आला आणि म्हणाला, संयोगिता सिस्टरनी पाठिवलंय. तुझ्या नावावर म्या सही केली. दीड लाख. औंदा फोन आला, दुसरं दीड लाख भर न्हायतर पयलं गेलं. म्या पाटल्या मोडल्या."

संयोगितानं तिच्या मनगटांकडं बघितलं. काचेच्या दोन बांगड्या होत्या. तीस वर्षं त्या पाटल्यांचा आवाज वॉर्डात आधी यायचा आणि मागनं चिमणाबाई.

"तक्रार करायची हाय," संयोगिता म्हणाली. "सगळ्यांनी एकदम. तुझा कागद दे मला."

"दीन. पर तू आदी लिवून दे."

"काय?"

"त्याला माझं घर तूच दावलंस म्हणून. आणि तुला त्याचं काय मिळालं ते. खरं सांग, मिळालं की न्हाय कायतरी?"

संयोगितानं पिशवीतून वही काढली. "चांदीचं निरांजन."

"तेबी लिव."

परड्यातल्या दगडावर बसून तिनं ते लिहिलं. मी, संयोगिता, नावांची यादी उदयसिंह यांना दिली. त्याबद्दल मला चांदीचं निरांजन मिळालं. त्या वेळी मला ती भेट वाटली. खाली सही केली. लिहिताना तिला कळलं, की अदिती ज्याला कमिशन म्हणते ते हेच. रक्कम लहान, एवढाच काय तो फरक. चिमणाबाईच्या धाकट्या पोरीनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मग चिमणाबाई आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतनं पॉलिसी घेऊन आली. चहा तिनं विचारला नाही.

कोल्हापूरला परतताना एसटीत संयोगितानं ती पिशवी उघडली. उत्पन्न: नऊ लाख. व्यवसाय: किराणा दुकान. आणि ईमेल तोच.

सातही अर्जांवर तोच ईमेल निघाला.

सात तक्रारी गेल्या. कंपनीकडून सातही जणींना एकाच मजकुराचं पत्र आलं, फक्त नाव वेगळं. अर्जावर आपली सही आहे, खात्रीच्या फोनवर आपण संमती दिली आहे, परत करण्याची मुदत संपली आहे. अदितीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "आता पुणे. आणि तुमच्या खात्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागा. कंपनी त्याचाच आधार घेतेय, तर ते त्यांनी ऐकवलंच पाहिजे."

लोकपालांकडं अर्ज गेले, आणि सातही अर्जांच्या प्रती जोडून एक जाड लिफाफा बँकेच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयातल्या दक्षता विभागाला गेला. त्यातली तक्रार अदितीनं लिहिली नव्हती. ती संयोगितानं स्वतः चार दिवस बसून लिहिली, रुग्णाची केस लिहावी तशी. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. त्यात निरांजनाचंही लिहिलं, आणि ते निरांजन लिफाफ्यात घालून पाठवलं.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी पद्मजा आली. मागं उदय होता. तो शर्ट खोचून, मान खाली घालून उभा राहिला, आणि आत येताच त्यानं संयोगिताच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागं घेतले.

"संयू, मिटव गं," पद्मजा म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "चौकशी लागलीय त्याच्यावर. दोन पोरं हायत त्याला. घराचा हप्ता हाय."

उदयनं खिशातून चेक काढला. "मावशी, तुमचं पाच लाख. वर पन्नास हजार. माझ्या स्वतःच्या खात्यातलं. फकस्त बँकेला लिवलेलं माघारी घ्या. आणि त्या बाकीच्यांना सांगा, लोकपालाकडचं अर्जबी माघारी घ्या म्हणून. तुमचं ऐकतील त्या."

पाच लाख समोर टेबलावर होते. अदितीनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, की लोकपाल काय निकाल देतील याची खात्री नाही. कधी कधी ते पैसे परत न देता एकरकमी पॉलिसीत बदलायला सांगतात. आणि एकच हप्ता भरून तिची पॉलिसी बंद पडली, तर हातात शून्य. संयोगितानं चेककडं बघितलं. मग विचारलं, "चिमणाबाईचं काय?"

"तिचं हळूहळू बघतो मी."

"हळूहळू म्हंजे?"

त्यानं चेक तिच्याकडं सरकवला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "मावशी, मी एकटा हाय व्हय ह्यात? मार्चमधी शाखेचा साहेब रोज सांजच्याला फोन करायचा. आकडा किती झाला, आकडा किती झाला. न्हाय झाला तर केबिनमधी सगळ्यांसमोर आईवरनं शिव्या. त्यो साहेब आमच्या आकड्यावर बायकोसंगं परदेश फिरून आला. मला काय मिळालं? एक काचेची खोली."

"ह्ये खरं हाय?" संयोगितानं विचारलं.

"आईशपथ."

"मग लिवून दे. साहेबाचं नाव घालून. दक्षतावाल्यांना दे."

उदयनं आईकडं बघितलं. "मग मला दुसरी बँकबी घेणार न्हाय."

"मग साहेबाला वाचवतोयस तू. आणि मला इकत घ्यायला आलायस." ती उठली, चेक उचलला आणि पद्मजाच्या पर्समध्ये खोचला. "शाखेत मला काय म्हणालतास ते आठवतंय? वय झालं की हुतंय. तू हसलास, उदय. पैशाचं मी एकवेळ विसरीन. ते हसणं न्हाय."

पद्मजा रडत होती. "वीस वर्सं गं, संयू. एका ताटात जेवलोय आपण."

"म्हणूनच त्यो माझ्याकडं आला," संयोगिता म्हणाली. "अनोळखी बाईनं येवढ्या सहज सही केली नसती."

ती दोघं जिना उतरून गेली. संयोगितानं दार लावलं आणि वहीत तारीख घालून चेकची रक्कम, नंबर आणि झालेलं बोलणं लिहून काढलं. तेही पान तिनं दुसऱ्या दिवशी मुंबईला पाठवलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला एकदा वाटलं. पण वाटलं नाही.

लोकपालांची सुनावणी ऑनलाइन झाली, अदितीच्या कार्यालयातल्या संगणकावर. अदिती बाजूच्या खोलीत जाऊन बसली, कारण बोलायचं संयोगितानंच. पडद्यावर लोकपाल, आणि कंपनीचा टाय लावलेला प्रतिनिधी. तो म्हणाला, "मॅडमना सर्व अटी फोनवर सांगितल्या होत्या. त्यांनी मान्य केल्या. आमच्याकडं रेकॉर्डिंग आहे."

"ऐकवा," लोकपाल म्हणाले.

त्या मुलीचा भरधाव आवाज सुरू झाला. आपले वार्षिक उत्पन्न सोळा लाख आहे का? मग काही सेकंद शांतता. आणि त्या शांततेत, थोडा लांबून पण स्वच्छ, एका पुरुषाचा आवाज: हो म्हणा, मावशी. मग संयोगिताचा: हो. हप्ता दहा वर्षं भरायचा आहे, समजलं का? पुन्हा तो आवाज, ह्या वेळी घाईतला: हो म्हणा, हो म्हणा. आणि मागं कपबशीचा आवाज.

संयोगितानं पदर तोंडाला लावला. तिला रडू आलं नव्हतं. हसू येत होतं आणि ते दाबायचं होतं.

"मागून कोण बोलतंय?" लोकपालांनी प्रतिनिधीला विचारलं.

"सर, ते... ग्राहकाच्या घरातील कोणी असावं."

"माझ्या घरात मी एकटी राहते, साहेब," संयोगिता म्हणाली. "पॉलिसी विकणाऱ्या बँकेच्या माणसाचा आवाज हाय तो. उदयसिंह. त्याला समोर बोलवा आणि एवढे दोनच शब्द म्हणायला लावा."

लोकपालांनी कागद चाळले. "ह्या ग्राहक आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. तुमच्या अर्जात दुग्धव्यवसाय आहे. पेन्शन ज्या बँकेत येतं त्याच बँकेनं उत्पन्न सोळा लाख लिहिलंय. खात्यात पेन्शन किती जमा होतं ते बँकेला दिसत नव्हतं का?"

टायवाला माणूस समोरचे कागद उलटायला लागला.

निकाल पुढच्या महिन्यात टपालानं आला. पॉलिसी सुरुवातीपासून रद्द, पाच लाख परत. बाकीच्या पाचजणींचेही तसेच निकाल लागले. चिमणाबाईचा निकाल सर्वांत शेवटी आला. दोन्ही हप्ते, तीन लाख, परत. तिनं फोन करून एवढंच सांगितलं, "आलं पैसं." संयोगितानं विचारलं, "पाटल्या करतेस न्हवं परत?" चिमणाबाई म्हणाली, "सोनं आता कुठं गेलंय बघितलंस का?" आणि फोन ठेवला. त्यानंतर ती कधी स्वतःहून बोलली नाही.

उदयला बँकेनं काढलं. ही बातमी शेजाऱ्यानं आणली तेव्हा संयोगिता कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि पूर्ण नाव विचारलं, पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्या दिवशी तिनं तांबडा रस्सा केला आणि एकटीनं पोटभर जेवली. पद्मजा रस्त्यात दिसली की आता दुसऱ्या बाजूनं जायची. संयोगिता तिला अडवत नसे.

पण आठ-दहा दिवसांनी तो आनंद ओसरायला लागला. अदितीकडं पुढचं नियोजन करायला गेली तेव्हा तिनं ते बोलून दाखवलं.

"परत आलेल्या पैशांतून ज्येष्ठांची बचत योजना, थोडी एफडी, औषधपाण्याला थोडी रक्कम हाताशी," अदितीनं कागद पुढं केला. "एवढंच. ह्यात मला काही मिळत नाही आणि तुम्हालाही फार काही चमकदार मिळणार नाही."

"ते ठीक हाय," संयोगिता म्हणाली. "पण त्याच्या जागेवर कोण आलंय?"

अदितीनं खांदे उडवले. "कुणीतरी येणारच. टार्गेट खुर्चीला असतं, माणसाला नाही."

"आणि साहेब?"

"चौकशीत त्याचं नाव आलं नसेल. उदयनं लिहून दिलं नसेल तर कसं येणार?"

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला संयोगिता सकाळी साडेदहालाच शाखेत जाऊन बसली. एक तारीख म्हणजे पेन्शनची तारीख. निवृत्त मास्तर, एसटीचे कंडक्टर, पोलीस, बायका पासबुक भरायला येतात. उदयच्या केबिनमध्ये आता तेजस्वी नावाची मुलगी होती, जेमतेम पंचवीस वर्षांची. ती एका म्हाताऱ्या मास्तरांना हाताला धरून आत नेत होती.

"मास्तर," संयोगितानं बाकड्यावरून हाक मारली. "सही करायच्या आधी त्या पोरीला तीन गोष्टी विचारा. पैसं किती वर्सं भरायचं. मधीच बंद केलं तर हातात किती. आणि ह्यातनं बँकेला किती मिळतंय. तिन्ही उत्तरं कागदावर लिवून मागा. आणि अर्जात तुमचं पेन्शन किती लिवलंय ते स्वतः वाचा."

मास्तरांनी मुलीकडं बघितलं. ती गोंधळली, मग म्हणाली, "मी सरांना विचारून येते."

शाखेचा साहेब स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, भारी घड्याळ घातलेला. "मॅडम, तुमचं काम काय आहे? काम नसेल तर इथं बसता येणार नाही."

"पासबुक भरायचंय."

"मशीन तिकडं आहे."

"रांग हाय. बसते की." तिनं वही उघडली, तारीख घातली. "तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

साहेबानं नाव सांगितलं नाही. टेबलावरच्या पाटीवर होतं, तिनं तिथून वाचून लिहिलं. तो आत गेला. मास्तरांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी मुलाला दाखवून येतो म्हणाले. त्यांच्या मागचा कंडक्टर येऊन संयोगिताच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडं पण एक पुस्तक हाय, दोन वर्सांपूर्वीचं. बघता का?"

"घेऊन या," ती म्हणाली. "आत्ताच आणा. मी बसलेय."